वसुबारसेपासून उलटं मोजताना: ठाण्यातल्या एका आकाशकंदील विक्रेतीचा २०२४ चा हंगाम

ही गोष्ट ठाण्यातल्या एका बाईंची आहे. त्या घडीचे कापडी आकाशकंदील ऑनलाइन विकतात. मी लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहते, त्यांचेही पाहते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, पण नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. इथे त्यांना नुसतं ताई म्हणेन. आकडे त्यांच्या वहीतले आहेत, सोयीसाठी थोडे गोल केलेले.

पार्श्वभूमी

ताईंचं घर कळव्याला आहे आणि वागळे इस्टेटमध्ये एक छोटा गाळा भाड्याने घेतलेला आहे. कापड मंगलदास मार्केटमधून येतं, तारेचे सांगाडे एका कारखानदाराकडून बनवून घेतात. शिवण कळवा आणि दिव्याच्या सहा बायका आपापल्या घरी करतात. विक्री स्वतःच्या वेबसाइटवर, इन्स्टाग्रामच्या जाहिरातींतून आणि थोडी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर होते.

२०२३ साली त्यांनी १,४०० कंदील केले होते आणि दिवाळीच्या तीन दिवस आधी सगळे संपले. त्यानंतरही मेसेज येत राहिले. त्या आनंदात पुढच्या वर्षाचा आकडा त्यांच्या मनात पक्का झाला: ३,०००. जून २०२४ मध्ये त्या माझ्याकडे आल्या त्या याच आकड्यासाठी भांडवल कुठून आणायचं हे विचारायला.

मी आधी गेल्या वर्षाची वही मागितली. त्यात दोन गोष्टी दिसल्या. १,४०० पार्सलं निघाली होती हे खरं, पण २३० परत आली होती. गिऱ्हाईक घरी नव्हतं, पैसे तयार नव्हते, किंवा पार्सल दिवाळीनंतर पोचलं म्हणून घेतलंच नाही. म्हणजे खरी विक्री १,१७० ची. उरलेले ‘संपलेले’ कंदील नोव्हेंबरअखेर चेपलेल्या खोक्यांतून गाळ्यात परत आले होते.

दुसरी गोष्ट तारखांची होती. वहीत विक्री इंग्रजी तारखेने लिहिलेली होती. १५ ऑक्टोबर २०२३ पर्यंत जेमतेम नव्वद ऑर्डर. त्यावरून ताईंनी ठरवलं होतं की माल ऑक्टोबरच्या मध्यावर तयार झाला तरी चालेल, तोपर्यंत कोण विचारतंय? पण २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले होते. वसुबारस तेव्हा ९ नोव्हेंबरला होती. २०२४ ला ती २८ ऑक्टोबरला येणार होती, बारा दिवस आधी. आम्ही वहीत एक रकाना वाढवला, ‘वसुबारसेला उरलेले दिवस’, आणि सगळ्या ऑर्डर त्यात पुन्हा मांडल्या. तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. सगळ्यात जास्त ऑर्डर वसुबारसेआधी चौदा ते आठ दिवस या आठवड्यात आल्या होत्या. २०२४ मध्ये हा आठवडा १४ ते २० ऑक्टोबर हा होता. ताईंच्या आराखड्यात त्या आठवड्यात शिवण नुकती आटोपत आली असती.

पहिला निर्णय: किती माल करायचा

कंदील वर्षातून थोडेच दिवस विकला जातो. भाऊबीज झाली की त्याला पुढच्या वर्षीपर्यंत गिऱ्हाईक नाही. कागदाच्या मानाने कापडाचा टिकतो, पण ठेवणीत घड्या पिवळ्या पडतात आणि रंगसंगती जुनी होते. म्हणून ‘किती विकले जातील’ या प्रश्नाच्या आधी आम्ही दुसरा प्रश्न घेतला: एक नग कमी पडला तर किती जातं आणि एक नग उरला तर किती?

एका नगाचा खर्च २१० रुपये होता: कापड ७५, सांगाडा ४०, शिवण ६०, खोकं आणि पॅकिंग ३५. कर वजा जाता हातात ४५० यायचे. त्यातून कुरिअरचे ८५, जाहिरातीचे सरासरी ४५ आणि पैसे गोळा करण्याचे शुल्क २० गेले की उरायचे ९०. म्हणजे नग कमी पडला तर ९० रुपयांचा नफा हुकतो. नग उरला तर पुढच्या वर्षी तो फार तर ८० ला निघतो, म्हणजे १३० जातात.

उरण्याचं नुकसान हुकण्यापेक्षा मोठं असेल तर माल आपल्या मधल्या अंदाजापेक्षा थोडा कमीच करावा. हे ताईंना पटायला वेळ लागला, कारण ‘माल संपला’ ही सल मनात घर करून राहते. उरलेला माल मात्र कोपऱ्यात गुपचूप पडून असतो, त्याची सल कुणाला जाणवत नाही. माझा मधला अंदाज १,९०० होता. ताई ३,००० वरून २,४०० वर आल्या, आणि तिथे आम्ही दोघी अडलो.

वाट काढली ती शिवणाऱ्या बायकांपैकी एका मावशींनी. त्या म्हणाल्या, “सगळं एकदम का शिवायचं? कापून ठेवा. लागलं तर आठ दिवसांत शिवून देते. पण दसऱ्याच्या आधी सांगा हां, दसऱ्यानंतर आम्ही फराळाच्या ऑर्डरी घेतो.”

मग ठरलं ते असं. कापड, सांगाडे आणि खोकी २,००० नगांची घ्यायची, कारण त्या संख्येला घाऊक भाव मिळत होता. शिवायचे मात्र १,४०० च, तेही गणपती विसर्जनापर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबरच्या आत. उरलेल्या ६०० चा निर्णय ५ ऑक्टोबरला, तोपर्यंतची विक्री पाहून. न शिवलेलं कापड पुढच्या वर्षीही कापडच राहतं, त्याची किंमत कंदिलासारखी एका रात्रीत पडत नाही.

याच वेळी खोकंही बदललं. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात, ते आकाराचं वजन. जुनं खोकं ३४×३४×८ होतं. चारशे ग्रॅमच्या कंदिलाला १.८५ किलो, म्हणजे दोन किलोचा दर लागायचा. सांगाड्याची घडी थोडी बदलून खोकं ३०×३०×५ वर आणलं. तेच वजन ०.९ किलोवर आलं आणि एक किलोचा दर लागला. वरचे ८५ रुपये या नव्या खोक्याचे आहेत.

दुसरा निर्णय: पैसा कुठून आणि कधीपर्यंत

सप्टेंबरअखेरपर्यंत ३,८४,००० रुपये बाहेर जाणार होते. ताईंकडे स्वतःचे २,२५,००० होते.

ओळखीतला एक जण महिना तीन टक्क्यांनी लगेच द्यायला तयार होता. दीड लाखावर चार महिन्यांचे अठरा हजार झाले असते, म्हणजे दोनशे कंदिलांचा नफा. सांगाडेवाल्याकडे उधारी मागून पाहिली, पण हंगामात तो निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तार कापत नाही. तिसरा पर्याय बँकेत सोनं ठेवण्याचा. वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपासचा दर आणि चार महिन्यांचं व्याज साधारण साडेचार हजार. ताईंनी पाटल्या ठेवून दीड लाख उचलले. शिवाय घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांनी मिळून २०० कंदील प्रत्येकी ३८० ला मागितले आणि निम्मे पैसे, ३८,०००, आगाऊ दिले. नफा कमी, पण कुरिअर नाही, जाहिरात नाही आणि परत येण्याची भीती नाही.

कागदावर सगळं जुळलं. २९,००० शिल्लक राहत होते. इथे माझी चूक झाली, आणि ती मी मोकळेपणाने सांगते, कारण ती बऱ्याच जणांकडून होते. मी माल तयार होईपर्यंतचा पैसा मोजला. माल विकला जात असताना लागणारा पैसा मोजला नाही.

ताईंच्या ऑर्डरींपैकी शंभरातल्या ऐंशी सीओडीच्या, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पैसे देण्याच्या होत्या. अशी ऑर्डर निघाली की त्याच दिवशी कुरिअरकडे आगाऊ भरलेल्या वॉलेटमधून ८५ आणि जाहिरातीचे ४५ कापले जातात. पार्सल पोचायला चार-पाच दिवस, आणि गोळा झालेली रक्कम कुरिअरकडून खात्यात यायला आणखी आठवडाभर. म्हणजे आज १३० गेले की ४५० येणार पंधरवड्याने, आणि तेही पार्सल परत आलं नाही तर. आगाऊ पैसे भरणाऱ्या वीस जणांचे नऊ हजार दोन-तीन दिवसांत येतात, पण शंभर पार्सलांना तेरा हजार लागतात. प्रत्येक शंभर ऑर्डरींमागे खातं चार हजारांनी खाली. विक्री जितकी जोरात, तितकं जलद खाली.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, म्हणजे नवरात्रात, ताईंचा फोन आला. “मॅडम, ऑर्डरी धडाधड येतायत आणि खात्यात चौदा हजार आहेत. वॉलेट भरू की मावशींना शिवायला सांगू?”

६०० नग शिवायला ३६,००० लागणार होते. सप्टेंबरच्या सीओडीचे छत्तीसेक हजार कुरिअरकडे अडकले होते. पुढचा हप्ता ११ तारखेला, शुक्रवारी, यायचा होता. तो हुकला तर १२ ला दसरा आणि दुसरा शनिवार, १३ ला रविवार, म्हणजे थेट १४ ला. आणि मावशींना उत्तर दसऱ्याआधी हवं होतं.

दुसरी खेप पूर्ण सोडावी, पुन्हा कर्ज काढावं, की अर्धीच शिवावी, हे तीन रस्ते होते. विक्री तोपर्यंत माझ्या मधल्या अंदाजाच्या जवळपासच चालली होती, वर नव्हती. म्हणून ३०० च शिवायचे ठरले. १८,००० लागणार होते. त्यातले निम्मे मावशींनी माल आणून दिल्यावर घ्यायचं कबूल केलं. त्याच दिवशी वेबसाइटवर आगाऊ पैसे भरणाऱ्यांना ४० रुपये सूट लावली. ९० च्या नफ्यातून ४० द्यायचे हे ताईंच्या जिवावर आलं होतं. पण आगाऊ भरणारे शंभरात वीस होते, ते आठवड्याभरात पंचेचाळीसवर गेले. पंचेचाळीस जणांचे अठरा हजारांवर रुपये दोन-तीन दिवसांत येऊ लागले आणि शंभर पार्सलांचे तेरा हजार त्यातून सुटू लागले. शिवाय पैसे भरलेलं पार्सल सहसा कुणी दारातून परत पाठवत नाही. तो हप्ता खरंच १४ लाच आला. सूट लावली नसती तर ऐन गर्दीच्या आठवड्याच्या तोंडावर वॉलेट रिकामं झालं असतं.

तिसरा निर्णय: ऑर्डर कधी थांबवायच्या

कंदील लक्ष्मीपूजनाला पोचून उपयोग नाही. तो वसुबारसेला दारात लागतो. म्हणून २८ ऑक्टोबरच्या आधीचा शनिवार, २६ तारीख, हा पोचण्याचा शेवटचा दिवस धरला आणि तिथून उलटं मोजलं.

कुरिअरच्या पानावर ‘सरासरी चार दिवस’ असं दिसतं. सरासरीवर विसंबलं तर कितीतरी गिऱ्हाइकांना उशीर होतो. आम्ही २०२३ ची यादी काढून पाहिलं की शंभरातली नव्वद पार्सलं किती दिवसांत पोचली. मुंबई, ठाणे, नवी मुंबईला तीन दिवस. पुणे, नाशिकला पाच. विदर्भ, मराठवाडा, कोकणातली गावं आणि परराज्यांत आठ. त्यात पॅकिंगचा एक दिवस आणि अडीअडचणीचा एक दिवस मिळवला. शेवटच्या तारखा अशा निघाल्या: लांबच्या गावांना १६ ऑक्टोबर, पुणे-नाशिकला १९, मुंबई परिसराला २१. सीओडी प्रत्येक ठिकाणी दोन दिवस आधी बंद, कारण ‘उद्या या, सुटे नाहीत’ म्हणत त्यात एक-दोन फेऱ्या वाया जातात. त्यानंतर २७ पर्यंत फक्त गाळ्यावर येऊन नेणाऱ्यांना.

ताईंना १६ ही तारीख बोचली. विक्रीचा सगळ्यात मोठा आठवडा १४ ला सुरू होणार आणि आपण १६ ला नागपूर, लातूर, बेळगाव बंद करणार? “घेऊन ठेवू, पोचलं तर पोचलं,” असं त्यांचे मिस्टरही म्हणाले. मी परत आलेल्या एका पार्सलाचा हिशेब मांडला. जाण्याचे ८५, येण्याचे ७० च्या आसपास, जाहिरातीचे ४५, आणि कंदील परत येतो नोव्हेंबरच्या मध्यावर, ज्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नाही. एका परतीने दोन विक्रींचा नफा खाऊन टाकला. तारीख १६ च राहिली.

प्रत्यक्षात काय झालं

१७ तारखेला कुरिअरची गाडी आली नाही. १८ लाही नाही. १४० पार्सलं गाळ्यात पडून होती. स्क्रीनवर मात्र प्रत्येकासमोर ‘पिकअप ठरले’ असं दिसत होतं, त्यामुळे ताईंना वाटलं की काम चालू आहे. पार्सल निघालं हे लेबल छापल्यावर ठरत नाही. हबमध्ये पहिलं स्कॅन झालं की ठरतं. तोवर ते आपल्याच गाळ्यात आहे असं धरावं. १८ च्या संध्याकाळी टेम्पो केला, माजिवड्यावरून नाशिक हायवेने भिवंडीच्या हबला सगळी पार्सलं नेली. खारेगावच्या पुढे दीड तास अडकले, रात्री साडेअकराला स्कॅन झालं. टेम्पोचे आणि हमालीचे तीन हजार गेले, पण अडीअडचणीचा तो एक दिवस ठेवलेला होता म्हणून बहुतेक पार्सलं वेळेत पोचली.

जे फसलं ते दोन ठिकाणी. वेबसाइटवर शेवटच्या तारखा पहिल्या पानावर ठळक लिहिल्या होत्या. पण इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून येणारी माणसं पहिल्या पानावर येतच नाहीत, थेट कंदिलाच्या पानावर उतरतात. तिथे तारीख नव्हती. जाहिरातही १८ पर्यंत विदर्भात चालू होती. पैसे देऊन आपण अशा लोकांना बोलावत होतो, ज्यांना माल देता येणार नव्हता. काहींच्या ऑर्डर रद्द करून पैसे परत करावे लागले. दुसरं त्या ऑनलाइन बाजारपेठेचं. तिथे पिनकोडप्रमाणे तारीख लावायची सोय ताईंना सापडली नाही आणि माल २२ पर्यंत चालू राहिला. तिथून लांब गेलेल्या ४६ पार्सलांपैकी २९ परत आली.

हिशेब

१,७०० कंदील तयार झाले. २०० सोसायट्यांना गेले, १,४६० किरकोळीत (त्यातले सत्तरेक गाळ्यावरून), ४० उरले. परत आले ११८, गेल्या वर्षीच्या निम्मे. सगळा खर्च, सूट, व्याज, टेम्पो धरून हातात साधारण ७२,००० राहिले, ताईंची स्वतःची मजुरी न धरता. ३०० सांगाडे आणि कापलेलं कापड फडताळात राहिलं, ४५,००० चा माल. ३,००० केले असते तर तेराशे कंदील आणि पावणेतीन लाख रुपये त्या फडताळात असते.

शिवणाऱ्या बायकांचे सगळे पैसे धनत्रयोदशीच्या आधी चुकते झाले. ताईंनी यावर तडजोड केली नाही. पाटल्या मात्र पाडव्याला हातात नव्हत्या. शेवटच्या आठवड्याच्या सीओडीचे पैसे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले आणि सोनं २० तारखेला सुटलं. हे आधी समजायला हवं होतं. कर्ज फेडायची तारीख दिवाळी धरून आम्ही चुकलो, ती शेवटच्या हप्त्याची धरायला हवी होती. ताई काही बोलल्या नाहीत, पण लक्ष्मीपूजनाच्या फोटोत त्यांचे हात पाहून मला वाईट वाटलं.

काय वेगळं करता आलं असतं

४० रुपयांची सूट ५ ऑक्टोबरला नव्हे, पहिल्या ऑर्डरीपासून लावायला हवी होती. मग ती घाबरून केलेली मलमपट्टी ठरली नसती आणि दुसऱ्या खेपेचा निर्णय विक्री पाहून घेता आला असता, खात्यातली शिल्लक पाहून नाही. आम्ही ३०० वर थांबलो त्यात विक्रीचा अंदाज होताच, पण पैशाची अडचणही तितकीच होती. २१ नंतर ठाण्यातून साठेक जणांनी विचारलं, बाहेरून नव्वदेक. पण तोवर ऑर्डर बंद होत्या आणि ४० नग उरलेच. आणखी तीनशे शिवले असते तर ते खपले नसते.

बाजारपेठेवरचा माल लांबच्या गावांच्या तारखेला शून्य करायला हवा होता. मुंबईच्या काही ऑर्डर बुडाल्या असत्या, पण ती गिऱ्हाइकं बरीचशी वेबसाइटवर आली असती. आणि जाहिरातीतून एकेक विभाग त्याच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी काढायला हवा होता. हे पाच मिनिटांचं काम होतं, ते कुणी करायचं हे ठरलेलं नव्हतं.

२०२५ ची वसुबारस १७ ऑक्टोबरला होती, आणखी अकरा दिवस आधी. ताईंच्या गाळ्यातल्या कॅलेंडरवर आधीच लाल पेनाने लिहिलं होतं: लांबची गावं ५ ऑक्टोबर, पुणे-नाशिक ८, मुंबई-ठाणे १०. दसरा २ ऑक्टोबरला, त्यामुळे दुसऱ्या खेपेचं उत्तर मावशींना घटस्थापनेच्या आठवड्यातच द्यायचं होतं. पहिली खेप अनंत चतुर्दशीच्या आत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक तारीख घातली होती, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, आणि तिच्यासमोर एकच शब्द: पाटल्या.